कढई पेटली, आता पहिलं काय?

कढईतल्या तेलानं पेट घेतला आहे. सर्वांत आधी काय कराल? तेलावर पाणी ओताल, कढई उचलून बाहेर न्याल, गॅस बंद करून झाकण ठेवाल, की अग्निशमन दलाला फोन करून वाट पाहाल? आयटीआयच्या ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला बसलेल्या मुलांना या धर्तीचा प्रश्न नवा नसतो. लेखी परीक्षेत तो चार पर्यायांसह येतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षक कांदा चिरणाऱ्या मुलाजवळ थांबून अचानक विचारतात, ‘‘कढई पेटली. काय करशील?’’ आणि वर्षभर शिकलेला मुलगाही कधीकधी म्हणून जातो, ‘‘सर, आधी पाणी...’’

तो मुलगा बिनडोक नसतो. आग म्हणजे पाणी, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. आचाऱ्यांच्या सुरक्षेवरचे प्रश्न वाचायला बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. त्यातले चुकीचे पर्याय कुठूनही उचललेले नसतात. न शिकलेल्या माणसाचा हात घाबरल्यावर जे करतो, नेमकं तेच तिथे लिहिलेलं असतं. पेटत्या तेलावर पाणी, भाजलेल्या बोटावर बर्फ किंवा हळद, गॅसचा वास आला की पंखा चालू, ओट्यावरून घसरलेली सुरी झेलायला पुढे केलेला हात. परीक्षेला बसणाऱ्याने उत्तर पाठ करावंच, पण त्यामागचं कारण कळलं तरच ते ऐनवेळी हाताला सुचतं. म्हणून इथे कारणांकडे जरा जास्त वेळ देतो.

पेटलेलं तेल

एका छोट्या उपाहारगृहाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची गर्दी ओसरलीय, वड्यांचा शेवटचा घाणा निघालाय. कढईत चारेक लिटर तेल आहे आणि खालची शेगडी मोठीच राहिलीय. आचारी पुढच्या खोलीत हिशेब सांगायला गेला आहे. वडे तळताना हे तेल 170 ते 190 अंश सेल्सियसवर होतं. गार वडा पडला की त्याची थोडी उष्णता जायची, त्यामुळे ते त्या पातळीवर टिकत होतं. आता आत काही पडत नाही, सगळी आच एकट्या तेलाला मिळते. चांगलं रिफाइंड तेल साधारण 230 अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं. सुरुवातीला तो निळसर, विरळ असतो. पुढे दाट होतो, डोळ्यांना झोंबतो. साडेतीनशे अंशांच्या पुढे गेल्यावर तेलाला ठिणगीची गरजच उरत नाही. त्याची वाफ हवेत आपोआप पेटते.

धूर दिसणं आणि आग लागणं यांच्यामध्ये जो वेळ मिळतो, तोच आचाऱ्याचा खरा वेळ. धूर दिसताच शेगडी बंद केली तर पुढचं काही घडतच नाही. म्हणूनच ‘तेलातून सतत धूर येऊ लागला तर काय कराल?’ हा प्रश्न मला आगीच्या प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटतो. पुन्हापुन्हा वापरलेल्या तेलात हा मधला वेळ कमी होत जातो. तेल जसजसं मोडतं आणि त्यात पिठाचे, मसाल्याचे जळके कण साठतात, तसं ते कमी तापमानालाच धुरावतं आणि पेटतंही लवकर. 1 जुलै 2018 पासून आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ 25 टक्क्यांच्या वर नकोत अशी मर्यादा घातली. ती खाणाऱ्याच्या प्रकृतीसाठी आहे. पण काळं, फेसाळणारं, चिकट तेल वेळेवर टाकून देणाऱ्या आचाऱ्याच्या स्वतःच्या जिवालाही तिचा फायदा होतो.

आता समजा, वेळ निघून गेलीय. आचारी परत आला तेव्हा कढईवर हातभर ज्वाळा आहेत आणि शेजारीच पाण्याचा पिंप आहे. त्याने एक पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी भिरकावलं तर काय होईल? पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते वर थांबत नाही, थेट तळाशी जातं. तिथे त्याच्या उत्कलनबिंदूच्या तिपटीहून जास्त तापलेलं तेल आहे. पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा घेते. एका पेल्यातून तीनशेहून अधिक लिटर वाफ तयार होते. तिला वर जायला वाट हवी असते, म्हणून ती डोक्यावरचं पेटतं तेल बारीक थेंबांत उधळून देते. थेंब जितके बारीक तितकी त्यांना हवा जास्त मिळते. कढईपुरती असलेली आग एका दमात छताला, चिमणीला आणि आचाऱ्याच्या तोंडाला भिडते.

बरोबर उत्तर तीन कृतींचं आहे आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी शेगडी बंद करायची, पण ज्वाळांवरून हात न्यावा लागणार नसेल तरच. नॉब आगीच्या पलीकडे असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपलाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. मग झाकण. ते वरून आपटायचं नाही. ढालीसारखं आपल्या आणि आगीच्या मध्ये धरून, आपल्या बाजूच्या काठावर टेकवून पुढे सरकवत न्यायचं. परात चालते, मोठा तवा चालतो, फायर ब्लँकेट असेल तर उत्तम. ब्लँकेट धरताना त्याचा वरचा काठ हातांवर दुमडून घेतात, म्हणजे बोटं आगीच्या बाजूला उघडी राहत नाहीत. तिसरी कृती सर्वांत अवघड असते, कारण ती काहीही न करण्याची आहे. झाकण उचलून पाहायचं नाही आणि कढई हलवायची नाही. तेल अजून साडेतीनशे अंशांच्या वर असतं. झाकण काढताच हवा मिळून ते पुन्हा पेटतं. अर्धा तास तरी हात लावू नये, चार लिटर तेलाला तर त्याहून जास्त वेळ द्यावा. आग कढईबाहेर गेलेली असेल, चिमणीत शिरली असेल किंवा झाकण ठेवायला जवळ जाणंच शक्य नसेल, तर माणसं बाहेर काढून 101 किंवा 112 ला फोन करायचा. कढई उचलून बाहेर नेण्याचा पर्याय कोणत्याही परिस्थितीत चूकच. चालताना तेल हिंदकळतं, ज्वाळा मागे उचलणाऱ्याच्या अंगावर येते आणि तो कढई सोडतो.

अग्निशामक नळकांड्याचा प्रश्न इथे विद्यार्थ्यांना फार गोंधळात टाकतो. भारतीय पद्धतीत आगीचे वर्ग असे शिकवतात: ‘ए’ म्हणजे लाकूड, कागद, कापड, ‘बी’ म्हणजे ज्वलनशील द्रव, ‘सी’ म्हणजे वायू, ‘डी’ म्हणजे धातू. मग स्वयंपाकाचं तेल कुठे बसवायचं? जुन्या पुस्तकांत ते ‘बी’मध्ये सापडतं, कारण ते द्रव आहे. युरोपात त्यासाठी ‘एफ’ असा वेगळा वर्ग आहे, अमेरिकेत त्यालाच ‘के’ म्हणतात. अमेरिकी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्याने आणखी एक सांभाळावं: तिथला ‘सी’ वर्ग विजेच्या आगीचा असतो, आपल्याकडचा वायूचा. पर्यायांत ‘एफ’ किंवा ‘के’ असेल तर तो निवडावा. नसेल तर ‘बी’.

वेगळा वर्ग का करावा लागला, हे कळलं की गोंधळ संपतो. हॉटेलांत सर्रास लटकलेलं लाल नळकांडं बहुतेक वेळा ‘एबीसी’ पावडरचं असतं. त्याच्या फवाऱ्याने पेट्रोलची आग विझते. कढईतली ज्वाळाही क्षणभर दबते, पण पावडर तेलाला गार करत नाही. तेल तितकंच तापलेलं राहतं आणि पावडरचा थर फाटला की पुन्हा पेट घेतं. शिवाय जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्याने तेल उसळतं. कार्बन डायऑक्साइडचीही हीच अडचण आहे. तळणाच्या तेलासाठी बनवलेल्या ‘वेट केमिकल’ नळकांड्यात पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण असतं. ते बारीक तुषारांत, हळुवार पडतं. तापलेल्या तेलाशी त्याची प्रक्रिया होऊन वर साबणासारखा फेस तयार होतो, हवा तोडतो आणि खालचं तेल गारही करतो. साबण करताना तेल आणि क्षार यांचं जे होतं, तेच इथे कढईत होतं. भरपूर तळण करणाऱ्या स्वयंपाकघरात हे नळकांडं असायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. नळकांडं कोणतंही असो, ते शेगडीच्या डोक्यावर टांगू नये. दाराच्या वाटेवर टांगावं. आग लागल्यावर आगीतून हात घालून ते काढायचं कसं?

वास आला तर

गॅसगळतीच्या प्रश्नात हात आणखी सहज चुकतो, कारण इथे चूक शहाणपणासारखी दिसते. वास आला की माणूस एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबतो. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळलेला वायू वर न जाता फरशीवर पसरतो, ओट्याखाली, फ्रीजमागे, नाल्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 2 टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असलं की एक ठिणगी पुरते. पंख्याच्या बटणात ती ठिणगी असते. बटण चालू करताना असते तशी बंद करतानाही असते, म्हणून उत्तर ‘विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये’ असं आहे. चालू असलेला दिवा चालूच राहू द्यायचा. सगळ्या शेगड्या विझवायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची आणि बाहेर आल्यावर 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करायचा. गळती कुठे आहे ते शोधायला साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले तिथे गळती. काडी ओढून पाहणारी माणसं अजूनही आहेत.

मुंबई-पुण्यात पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. बटणाचा नियम दोन्हीकडे सारखाच.

भाजल्यावरची वीस मिनिटं

आता भाजण्याकडे येऊ. स्वयंपाकघरात आगीपेक्षा जास्त वेळा माणूस भाजतो तो वाफेने, उकळत्या डाळीने आणि गरम भांड्याच्या कडेने. यावरचा एक छोटा प्रश्न मला फार आवडतो: गरम पातेलं उतरवताना डस्टर कोरडं हवं की ओलं? घरी आपण फडकं ओलं करतो, हाताला बरं वाटतं. पण कोरड्या फडक्याच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि हवा उष्णता फार हळू वाहून नेते. पाणी तेच काम हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने करतं. ओल्या डस्टरमधली उष्णता क्षणात तळव्यापर्यंत येते. वर त्या पाण्याची वाफ झाली की ती कापडातच कोंडते. तळवा भाजतो आणि पातेलं हातून सुटतं. उत्तर: कोरडं, जाड, दुहेरी घडीचं.

समजा, उकळत्या आमटीचं पातेलं कलंडलं आणि एका मुलाच्या उजव्या पंजापासून मनगटापर्यंत आमटी सांडली. मोठा आचारी ओरडतो, ‘‘अरे, बर्फ आण!’’ दुसरा हळदीचा डबा पुढे करतो. कुणी टूथपेस्ट सुचवतं. प्रत्येकाला मनापासून मदत करायची असते आणि नेमक्या त्याच वेळी तो हात नळाखाली असायला हवा असतो.

भाजणारी वस्तू दूर झाली तरी त्वचेत शिरलेली उष्णता आत काम करतच राहते. ब्रिटिश शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनी 1953 मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे वर्णन केले, आणि आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. मधोमध असतो तो मेलेला भाग, तो परत येत नाही. सर्वांत बाहेर असतो तो लाल, सुजलेला भाग, तो आपोआप बरा होतो. या दोघांच्या मधला पट्टा काठावर असतो. तिथला रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि तो जगेल की मरेल हे पुढच्या तासांत ठरतं. नळाचं पाणी या मधल्या पट्ट्यासाठी असतं. ते उष्णता काढून घेतं, सूज कमी ठेवतं, वेदनाही उतरवतं. बर्फ त्याच पट्ट्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतो. म्हणजे जो भाग वाचवायचा, त्याचंच रक्त तोडतो.

किती वेळ, हा परीक्षेतला नाजूक मुद्दा. जुन्या पुस्तकांत 10 मिनिटं आढळतात, आणि ती त्या काळी बरोबरच होती. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलने 2015 च्या मार्गदर्शनात किमान 10 मिनिटं सांगितली होती, 2021 मध्ये ती 20 केली. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातही 20 मिनिटंच शिकवतात. पर्यायांत 20 असेल तर तेच निवडावं. नळाचं साधं, वाहतं पाणी पुरतं, फ्रीजचं नको. वीस मिनिटं उभं राहणं गर्दीच्या वेळी फार लांब वाटतं. दोन मिनिटांत आग शमते आणि मुलगा म्हणतो, ‘‘झालं, आता दुखत नाही.’’ त्याला तिथेच उभं ठेवणं हे प्रथमोपचार देणाऱ्याचं काम. घड्याळ लावावं. लगेच जमलं नाही तरी अपघातानंतर तीन तासांच्या आत पाणी घातल्याचा फायदा होतो. दवाखान्यात जाताना उशीर झाला म्हणून ते सोडून देऊ नये. नळाला पाणी नसेल, आणि आपल्याकडे अशा गावांची कमी नाही, तर स्वच्छ पाणी तांब्याने सावकाश, सतत ओतत राहायचं.

पाण्याखाली असतानाच अंगठी, घड्याळ, बांगडी, हातातला दोरा काढायचा. अर्ध्या तासात बोट सुजतं आणि मग अंगठी कापावी लागते. आमटीने भिजलेली बाही काढायची, पण कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. त्याच्या भोवतीने कापायचं. मग जखम झाकायची. स्वयंपाकघरातच सापडणारी क्लिंग फिल्म यासाठी उत्तम, मात्र पहिले दोन वेढे फेकून द्यायचे आणि ती लांबीने ठेवायची, हाताभोवती गुंडाळायची नाही, कारण सूज वाढल्यावर ती आवळते. नसेल तर धुतलेलं, तंतू न सुटणारं सुती कापड. फोड फोडायचे नाहीत. हळद, शाई, तूप, अंड्याचा बलक, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचं नाही. हे पदार्थ उष्णता आत कोंडतात, जंतू नेतात, आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसू देत नाहीत. पिवळ्या लेपाखालची कातडी लाल आहे की पांढरी, हे आधी खरवडून पाहावं लागतं आणि तो त्रास त्या मुलाच्याच वाट्याला येतो.

या मुलाला दवाखान्यात न्यायचं का? न्यायचं. मोजमापाची एक सोपी रीत आहे: माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे 1 टक्का. फोड आलेलं भाजणं तळहाताहून मोठं असेल तर डॉक्टर हवेत. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रिय भाजलं असेल तर आकार न पाहता जायचं. विजेचा धक्का किंवा ओव्हन साफ करण्याचं रसायन असेल तरीही. आणि एक फसवी खूण शिकवायलाच हवी: जागा पांढरट, मेणासारखी किंवा चामड्यासारखी दिसते आणि दुखत नाही, तेव्हा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. खरं तर तिथले वेदना कळवणारे मज्जातंतूच जळालेले असतात. न दुखणारं भाजणं सर्वांत खोल असू शकतं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर पाणी फक्त भाजलेल्या जागेवर घालायचं आणि बाकीचं अंग पांघरुणाने उबदार ठेवायचं, नाहीतर माणूस गारठतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी दवाखान्यात होतेच, शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवावं.

धार आणि बोटं

सुरीच्या प्रश्नांत एक उत्तर ऐकणाऱ्याला खोटं वाटतं: बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त धोकादायक. कारण बळात आहे. धारदार पात्याला टोमॅटोच्या सालीवर फक्त ओढ लागते, दाब नाही. बोथट पातं साल कापत नाही, म्हणून हात दाबतो. साल अचानक सुटते किंवा पातं गुळगुळीत कांद्यावरून घसरतं, आणि दाबणारं सगळं बळ डाव्या हाताच्या बोटांवर जातं. धार अंगठ्याने तपासू नये. कागदाचा कपटा हवेत धरून कापून पाहावा. स्वच्छ कापला, फाटला नाही, तर धार आहे. काम सुरू करण्यापूर्वी सुरी पोलादी कांबीवर साधारण 20 अंशांच्या कोनात चारदोनदा ओढली की दुमडलेली धार सरळ होते. पार गेलेली धार मात्र दगडावरच येते.

प्रात्यक्षिकात परीक्षक सुरीपेक्षा डावा हात जास्त पाहतात. बोटांची टोकं आत वळलेली, अंगठा त्यांच्या मागे, आणि पात्याची बाजू मधल्या बोटाच्या सांध्याला टेकलेली. सांधाच पात्याला वाट दाखवतो, मग टोक कापलं जाण्याचं कारणच उरत नाही. नवशिक्याची चूक ओळखायला सोपी असते: अंगठा हळूहळू पुढे सरकतो आणि पहिली चिरही अंगठ्यालाच लागते. दुसरी नजर पाटाखाली जाते. पाट हलत असेल तर कितीही चांगली पकड उपयोगाची नाही. त्याखाली ओलं डस्टर पसरलं की तो जागचा हलत नाही. मघाशी कोरडं हवं होतं तेच डस्टर इथे ओलं लागतं.

बाकीचे नियम हाताच्या सवयींचे. सुरी नेताना टोक खाली, अंगाला लागून, धार मागे. दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा ओट्यावर ठेवावी, त्याने उचलावी. फेसाळ पाण्याच्या सिंकमध्ये सुरी टाकून जाऊ नये, कारण पुढचा माणूस पेला काढायला हात घालतो. आणि सुरी पडली तर झेलू नये. हात वर, एक पाऊल मागे, पडू द्यायची. हे उत्तर सगळ्यांना येतं आणि तरी झेलायला हात जातोच. त्यावर उपाय एकच, सुरी ओट्याच्या काठापासून वीतभर आत ठेवण्याची सवय. पायांत पुढून बंद बूट असावेत ते याच क्षणासाठी.

चिर पडलीच तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने थेट दाबायचं आणि हात हृदयाच्या पातळीच्या वर धरायचा. सलग 10 मिनिटं दाबायचं, मध्ये उघडून पाहायचं नाही, नाहीतर जमू लागलेली गाठ निघते आणि सुरुवातीपासून मोजावं लागतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद इथेही नको. रक्त थांबल्यावर त्या मुलाला बोट वाकवायला आणि सरळ करायला सांगावं. ते वळत नसेल किंवा टोकाला बधिरपणा असेल, तर जखम दिसायला केवढीही लहान असो, आतला स्नायुबंध किंवा मज्जातंतू कापला गेला असण्याची शक्यता असते. टाके घालण्याआधी हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. बोटाचा तुकडाच सुटला तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा सरळ बर्फात टाकला तर थंडीने पेशी मरतात आणि तो जोडता येत नाही. किरकोळ चिरेवर जलरोधक पट्टी, तीही निळी, आणि वर हातमोजा. निळ्या रंगाचं अन्न जवळपास नसतंच, त्यामुळे सुटून पडलेली पट्टी भातात लगेच दिसते. रक्त लागलेली भाजी आणि पाट बाजूला काढायचे, भाजी टाकून द्यायची.

राहून गेलेली विळी

पुस्तकांत शेफ्स नाइफ, पेअरिंग नाइफ, बोनिंग नाइफ यांची चित्रं भेटतात. विळीवरचा प्रश्न मला अजून पाहायला मिळालेला नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी आणि मदतनीस बायका, मंगल कार्यालयातले भाजी चिरणारे, खानावळीच्या मावशी यांतल्या कितीतरी जणींचं रोजचं हत्यार विळी आहे. तिचं गणित सुरीच्या उलट आहे. इथे पातं स्थिर आणि दोन्ही हात धारेकडे जातात. बोटं आत वळवण्याची रीत इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. दुधी, भोपळा दोन्ही तळव्यांत धरून दाबायचा असतो, आणि फोड सुटते त्या क्षणी तळवा धारेच्या दिशेने झेपावतो.

म्हणून इथले प्रश्न वेगळे असायला हवेत. पाट गुडघ्याने किंवा पायाने घट्ट दाबलेला आहे का? कठीण फळ आधी कोयत्याने अर्धं करून घेतलं का, म्हणजे सपाट बाजू मिळून ते फिरणार नाही? शेवटचा बोटभर तुकडा विळीवर संपवायचा, की सुरीने? माझं उत्तर, सुरीने. विळीवर बसलेल्या बाईला कुणी हाक मारली आणि ती उठली, तर पातं मिटवूनच उठायला हवं. जमिनीवर उभं राहिलेलं पातं घाईने पाणी आणणाऱ्या मुलीला दिसत नाही. आणि विळीची जागा रांगेच्या वाटेवर किंवा चुलीजवळ नको, कारण वाफेच्या पातेल्याला बगल देत मागे सरकणारा माणूस मागे पाहत नसतो. हे पाच प्रश्न कुणी तोंडी परीक्षेत घातले, तर उत्तर द्यायला त्या बायकांना एकही इंग्रजी शब्द पाठ करावा लागणार नाही.